नऊ वाजताची पोस्ट आणि रिकामं कार्ड

उदाहरण म्हणून पुण्यातली एक छोटी प्रकाशनसंस्था घेऊ. दिवाळी अंकाची सवलतीतली आगाऊ नोंदणी सकाळी नऊ वाजता सुरू व्हायची आहे. नोंदणीचं पान वेबसाइटवर आदल्या संध्याकाळीच तयार करून नऊच्या वेळेला लावून ठेवलेलं. फेसबुक आणि लिंक्डइनवरच्या पोस्टही एका शेड्यूलिंग टूलमधून बरोबर नऊलाच जाणार. मुखपृष्ठ सुंदर झालंय, मजकूर दोनदा वाचून घेतलाय. कार्यालयात समाजमाध्यमं सांभाळणारी मुलगी निश्चिंत मनाने घरी जाते.

सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी संपादकांचा फोन येतो. “अगं, फेसबुकवर आपलं मुखपृष्ठ कुठाय? नुसता राखाडी चौकोन आणि खाली वेबसाइटचं नाव दिसतंय.” ती लिंक्डइन उघडते, तर तिथे वेगळीच तऱ्हा. कार्ड आहे, पण त्यावर शीर्षक आहे ‘पान सापडलं नाही’. ती घाईघाईने लिंकवर बोट ठेवते. पान व्यवस्थित उघडतं, नोंदणीचा अर्जही चालतो. दहा मिनिटांनी कार्यालयातलाच एक सहकारी तीच लिंक व्हॉट्सॲपच्या गटात टाकतो आणि तिथे मात्र मुखपृष्ठ, शीर्षक, दोन ओळींचं वर्णन, सगळं जागच्या जागी येतं.

एकच लिंक, एकच पान आणि तीन ठिकाणी तीन कार्डं. ‘इंटरनेट स्लो असेल’ म्हणून असा प्रकार बऱ्याचदा सोडून दिला जातो. पण इथे तीनही कार्डांनी, प्रत्येकाने आपापल्या क्षणी, पानावर जे होतं तेच प्रामाणिकपणे दाखवलंय. ते कसं, हे एकदा कळलं की असली चूक पोस्ट जाण्याच्या आदल्या दिवशीच पकडता येते.

लिंक टाकली की खाली जो चित्र, शीर्षक आणि वर्णनाचा चौकोन उमटतो, त्याला प्रीव्ह्यू कार्ड म्हणतात. हा चौकोन पोस्ट लिहिणाऱ्याने बनवलेला नसतो. फेसबुकसारखी सेवा आपला एक प्रोग्रॅम त्या पानावर पाठवते. त्याला क्रॉलर म्हणतात. तो पान डोळ्यांनी बघत नाही. पानाच्या कोडच्या वरच्या भागात, वाचकाला कधीच न दिसणाऱ्या जागी, काही ओळी लिहिलेल्या असतात त्या तो उचलतो. त्याच ओळी म्हणजे पानाचा मेटाडेटा. फेसबुकने एप्रिल 2010 मध्ये या ओळी कशा लिहायच्या याची एक पद्धत जाहीर केली आणि तिला ‘ओपन ग्राफ’ असं नाव दिलं. त्या पद्धतीच्या मूळ माहितीपत्रात नमुना म्हणून ‘द रॉक’ या 1996 सालच्या इंग्रजी चित्रपटाचं पान घेतलेलं आहे. पुढे 2012 मध्ये ट्विटरने स्वतःच्या कार्डांसाठी वेगळ्या ओळी आणल्या, पण त्या नसतील तिथे ओपन ग्राफच्या ओळी वाचायची सोय ठेवली. आज लिंक्डइन, व्हॉट्सॲप, टेलिग्राम हे सगळे कमीअधिक प्रमाणात याच ओळींवर चालतात.

आपल्या प्रकाशनसंस्थेच्या पानात त्या साधारण अशा असतील:

```
<meta property="og:title" content="दिवाळी अंक: आगाऊ नोंदणी सुरू">
<meta property="og:description" content="सवलतीच्या दरात घरपोच अंक">
<meta property="og:image" content="https://example.com/ank-card.jpg">
<meta property="og:url" content="https://example.com/diwali-ank/">
```

शीर्षक, वर्णन, चित्राचा पत्ता आणि पानाचा अधिकृत पत्ता. बहुतेक कार्डांचा जीव या चार ओळींत असतो.

आता महत्त्वाची गोष्ट. क्रॉलर हे वाचन प्रत्येक वाचकासाठी नव्याने करत नाही. एकदा वाचतो, जे मिळालं ते साठवून ठेवतो आणि पुढे तीच साठवण सगळ्यांना दाखवत राहतो. या साठवणीला कॅशे म्हणतात. फेसबुक एखादं पान आपणहून पुन्हा वाचायला साधारण तीस दिवस घेतं, लिंक्डइन सात दिवसांच्या आसपास. म्हणजे कार्डावर काय दिसेल हे पान आज कसं आहे यावर ठरत नाही. ते पहिल्यांदा वाचलं गेलं तेव्हा कसं होतं, यावर ठरतं.

हाताने टाकलेल्या पोस्टमध्ये हा घोळ सहसा होत नाही, कारण माणूस पान उघडून बघतो, लिंक चिकटवतो, कार्ड उमटलेलं बघतो आणि मगच बटण दाबतो. सगळं त्याच दोन मिनिटांत घडतं. शेड्यूल केलेल्या पोस्टमध्ये मात्र दोन वेगवेगळे क्षण असतात. पोस्ट रचून ठेवण्याचा एक आणि ती प्रत्यक्ष जाण्याचा दुसरा. पान यांपैकी कोणत्या क्षणी वाचलं जाणार, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

लिंक्डइनचं बघा. बाहेरच्या टूलमधून लिंक्डइनवर लिंकची पोस्ट जाते तेव्हा लिंक्डइन स्वतः पान वाचत नाही. शीर्षक, वर्णन आणि चित्र टूलनेच सोबत द्यायचं, असा त्याचा नियम आहे. मग टूल ते कधी वाचतं? अनेक टूल पोस्ट रचतानाच वाचून ठेवतात, कारण तेव्हाच त्यांना पडद्यावर नमुना दाखवायचा असतो. आपल्या उदाहरणात हे वाचन आदल्या संध्याकाळी झालं. त्या वेळी पान जगासाठी अस्तित्वातच नव्हतं, त्यामुळे वेबसाइटने टूलला आपलं ठरलेलं ‘पान सापडलं नाही’ हे पान दिलं. टूलने त्याचंच शीर्षक उचललं आणि सकाळी इमानेइतबारे लिंक्डइनला दिलं.

पण मग संध्याकाळी त्या मुलीने लिंक उघडून बघितली होती, तेव्हा तिला पान कसं दिसलं? ती वर्डप्रेसमध्ये लॉग-इन होती म्हणून. वर्डप्रेस पुढच्या वेळेसाठी लावून ठेवलेलं पान ते संपादित करायचा अधिकार असलेल्याला दाखवतं आणि बाकी सगळ्यांना ते नसल्याचं सांगतं. टूलचा क्रॉलर त्या ‘बाकी सगळ्यांत’ मोडतो. त्यामुळे पान तपासताना ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडून, म्हणजे लॉग-इन नसलेल्या परक्या माणसासारखं बघणं ही पहिली पायरी आहे. स्वतःच्या रोजच्या खिडकीत दिसलेलं पान हा कसलाच पुरावा नव्हे.

फेसबुकची गोष्ट वेगळी. तिथे पान फेसबुकचा क्रॉलर वाचतो आणि या पोस्टसाठी तो नऊ वाजताच आला. पानही नऊचंच लावलं होतं. तरीही ते त्याला मिळालं नाही, कारण वर्डप्रेसकडे खरं घड्याळ नसतं. ‘डब्ल्यूपी-क्रॉन’ नावाची त्याची वेळापत्रकाची व्यवस्था कुणीतरी वेबसाइटवर आल्याशिवाय जागी होत नाही. कुणी पाहुणा आला की ती बघते, आपली कोणती कामं राहिलीत. नऊ वाजता एक पान प्रकाशित करायचं होतं, हे तिला त्या पाहुण्यामुळे आठवतं आणि ती ते काम मागच्या बाजूला सुरू करते. ज्या पाहुण्यामुळे हे घडलं त्याला मात्र जुनंच उत्तर मिळालेलं असतं. सकाळी नऊला लहान प्रकाशनसंस्थेच्या वेबसाइटवर वर्दळ नसते, तेव्हा तो पहिला पाहुणा खुद्द फेसबुकचा क्रॉलरही असू शकतो. त्याच्या येण्याने पान प्रकाशित झालं, पण त्याच्या हातात ‘404’ हे पान नसल्याचं उत्तर पडलं. तेच साठवलं गेलं. संपादकांना दिसला तो राखाडी चौकोन इथून आला.

वेबसाइट जलद व्हावी म्हणून अनेक जण कॅशिंगचं प्लगइन बसवतात. त्यात पानांच्या तयार प्रती साठवून त्याच पाहुण्यांना दिल्या जातात. तिथे ही अडचण आणखी वाढते, कारण तयार प्रत दिली की वर्डप्रेसला जाग येतच नाही. पाहुणे येऊन गेले तरी नऊचं पान साडेनऊपर्यंत तसंच पडून राहू शकतं. होस्टिंगच्या पॅनलमध्ये ‘Cron Jobs’ असा विभाग असतो. तिथून दर पाच मिनिटांनी `wp-cron.php` या फाइलला हाक मारायची व्यवस्था केली की पान वेळेवर निघतं. पण त्यातही पाच मिनिटांची फट उरतेच. म्हणून पान आणि पोस्ट एकाच मिनिटावर कधीही लावू नये. पान साडेआठला, पोस्ट नऊला. मधला अर्धा तास तपासणीसाठी.

वेळेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक नेहमीची ठेच सांगायला हवी. वर्डप्रेस नवं बसवलं की त्याचं घड्याळ बऱ्याचदा जागतिक प्रमाणवेळेवर असतं. भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. कुणी ते ‘Settings’ मध्ये जाऊन ‘Kolkata’ केलं नसेल, तर नऊला लावलेलं पान आपल्याकडे दुपारी अडीचला निघतं. शेड्यूलिंग टूल मात्र भारतीय वेळेवर असतं. अशा वेळी साडेपाच तास पोस्ट एका न उघडणाऱ्या पानाकडे बोट दाखवत राहते.

आणि व्हॉट्सॲपवर सगळं ठीक का दिसलं? व्हॉट्सॲपचे संदेश दोन्ही टोकांना कुलूपबंद असल्यामुळे कंपनीचा सर्व्हर लिंक बघू शकत नाही. कार्ड पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतं. सहकाऱ्याने लिंक टाकली तोवर पान जिवंत झालं होतं, त्याच्या फोनने ते वाचलं आणि कार्ड संदेशाला जोडून पाठवलं. वाचणारा वेगळा आणि वाचनाची वेळही वेगळी, म्हणून कार्डही वेगळं आलं.

हे झालं कार्ड न दिसण्याचं. चुकीचं कार्ड दिसणं हे दुखणं निराळं आहे आणि ते अधिक फसवं असतं, कारण काहीतरी दिसतंय म्हटल्यावर कुणी लक्ष देत नाही.

याच प्रकाशनसंस्थेने समजा नव्या अंकाचं पान कोऱ्या पाटीवरून न करता गेल्या वर्षीच्या पानाची नक्कल करून बनवलं. असं सगळेच करतात, त्यात गैर काही नाही. मजकूर बदलला, किंमत बदलली, पानावरचं मुखपृष्ठ बदललं. पण योस्टसारख्या एसइओ प्लगइनमध्ये ‘समाजमाध्यमांसाठीचं चित्र’ आणि ‘समाजमाध्यमांसाठीचं शीर्षक’ हे वेगळे रकाने असतात. पानाची नक्कल झाली की हे रकानेही भरलेल्या अवस्थेत सोबत येतात. पान बघणाऱ्याला ते दिसत नाहीत, म्हणून ते बदलायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. पोस्ट जाते, तेव्हा कार्डावर गेल्या वर्षीचं मुखपृष्ठ असतं. पैसे भरावे की नाही अशा विचारात असलेल्या वाचकासमोर शिळा अंक ठेवला जातो, हे फार वाईट.

याहून अवघड प्रकार `og:url` या ओळीचा. तिच्यात या पानाचा अधिकृत पत्ता असतो. फेसबुक या ओळीवर विश्वास ठेवतं. इथे चुकून वेबसाइटच्या मुख्य पानाचा पत्ता राहिला असेल, तर फेसबुक नोंदणीचं पान सोडून मुख्य पानाकडे जातं आणि तिथलं शीर्षक, तिथलं चित्र आणून दाखवतं. आपण आपल्या पानातलं शीर्षक कितीही वेळा बदललं तरी कार्ड ढिम्म हलत नाही. वेबसाइटचा साचा बनवताना कुणी हा पत्ता एकदाच कायमचा लिहून टाकला असेल, तर त्या वेबसाइटच्या प्रत्येक लिंकला फेसबुकवर तेच एक कार्ड येत राहतं.

तिसरा प्रकार दुहेरी ओळींचा. वेबसाइटची थीम एक `og:image` लिहिते, प्लगइन दुसरी लिहितं. ओपन ग्राफच्या नियमानुसार वादात वरची ओळ जिंकते, आणि वरची ओळ बहुतेक वेळा थीमने टाकलेल्या संस्थेच्या बोधचिन्हाची असते. मग प्लगइनमध्ये बरोबर चित्र भरूनही कार्डावर बोधचिन्हच झळकतं आणि ‘मी तर चित्र टाकलं होतं’ असं म्हणणारा माणूस खरंच बोलत असतो.

हे तिन्ही प्रकार पोस्ट जाण्याआधी ओळखायचे तर पानाचा कोड बघावा लागतो. ऐकायला अवघड वाटतं, पण संगणकावर पान उघडून Ctrl आणि U ही बटणं एकत्र दाबली की तो समोर येतो. त्यात `og:` असं शोधायचं आणि सापडलेल्या ओळी शांतपणे वाचायच्या. शीर्षक याच वर्षीचं आहे का, चित्राचा पत्ता `https` पासून पूर्ण आहे का, तो नव्या खिडकीत उघडतो का, `og:url` याच पानाचा आहे का आणि कोणतीही ओळ दोनदा तर नाही ना, एवढंच बघायचं असतं.

इथे एक बारकावा आहे. ब्राउझरमध्ये उजवं बटण दाबून ‘Inspect’ म्हटलं तरी कोड दिसतो, पण तो वेगळा. तो पान पूर्ण रंगून झाल्यावरचा, म्हणजे जावास्क्रिप्टने आपलं काम केल्यानंतरचा असतो. समाजमाध्यमांचे बहुतेक क्रॉलर जावास्क्रिप्ट चालवत नाहीत. सर्व्हरने पहिल्या झटक्यात जे पाठवलं, तेवढंच ते वाचतात. अलीकडच्या काही वेबसाइट सुरुवातीला जवळपास रिकामं पान पाठवतात आणि मागाहून जावास्क्रिप्टने ते भरतात. त्यांच्या मेटा ओळी ‘Inspect’ मध्ये छान दिसतात, पण Ctrl आणि U च्या कोडमध्ये सापडत नाहीत. असं आढळलं तर प्लगइनमध्ये खटपट करून उपयोग नाही. त्या ओळी सर्व्हरकडूनच यायला हव्यात, हे वेबसाइट बनवणाऱ्याला सांगावं लागतं.

ज्यांना कमांड लिहायची सवय आहे, त्यांना क्रॉलरचंच नाव सांगून पान मागवता येतं:

```
curl -sL -A "facebookexternalhit/1.1" https://example.com/diwali-ank/ | grep -iE "og:|twitter:"
```

या पद्धतीचा एक वेगळा फायदा आहे. अनेक वेबसाइटपुढे सुरक्षेची भिंत असते आणि ती यंत्रासारख्या दिसणाऱ्या पाहुण्यांना दारातच अडवते. माणसाला पान दिसतं, फेसबुकच्या क्रॉलरला दिसत नाही. वरच्या कमांडला काहीच उत्तर आलं नाही, आणि त्यातलं नाव काढून टाकल्यावर मात्र ओळी दिसल्या, तर भिंत आडवी आल्याची शंका घ्यावी. होस्टिंगवाल्याला नेमकं हेच सांगितलं की तो त्या नावाला वाट करून देऊ शकतो.

तपासताना लिंक कोणती घ्यायची, हेही ठरलेलं असावं. पोस्टमध्ये जी जाणार तीच, अक्षर न अक्षर. शेड्यूलिंग टूल मोजदादीसाठी लिंकच्या शेवटी `utm_source` वगैरे शेपूट जोडतात किंवा लिंक आखूड करतात. काही सेवांच्या लेखी शेपटीची लिंक आणि बिनशेपटीची लिंक ही दोन वेगळी पानं असतात. साध्या लिंकचं कार्ड छान दिसलं म्हणून शेपटीच्या लिंकचंही दिसेल, याची खात्री नसते.

मराठी वेबसाइटवर लिंकचा आणखी एक पेच आहे. वर्डप्रेस पानाच्या शीर्षकावरून पत्ता बनवतं. शीर्षक देवनागरीत असेल तर पत्त्यातलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा आतून नऊ खुणांचं होतं आणि वर्डप्रेस पत्त्यासाठी दोनशेच खुणांची जागा ठेवतं. म्हणजे बावीस अक्षरचिन्हांच्या आसपास पत्ता मध्येच तुटतो. शिवाय व्हॉट्सॲपमध्ये चिकटवल्यावर टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक रांग दिसते. ते बघून कुणीतरी शेवटच्या घटकेला पत्ता रोमन अक्षरांत बदलतं. विचार योग्य, वेळ चुकीची. प्रकाशित झालेल्या पानाचा पत्ता बदलला तर वर्डप्रेस बऱ्याचदा जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वाट दाखवतं. प्रकाशित न झालेल्या पानासाठी मात्र ते जुना पत्ता लक्षात ठेवत नाही. शेड्यूल केलेली पोस्ट जुनाच पत्ता घेऊन जाते आणि तिथे काही नसतं. पत्ता आधी आटोपशीर करावा, मग पोस्ट रचावी आणि त्यानंतर त्याला हात लावू नये.

चित्राबाबत आकडे थोडेच आहेत. 1200 बाय 630 पिक्सेल हे माप फेसबुकला, लिंक्डइनला आणि बहुतेक सगळीकडे चालतं. फेसबुकवर 600 बाय 315 पेक्षा लहान चित्र असेल तर मोठं कार्ड न येता कडेला छोटा चौकोन येतो आणि 200 बाय 200 पेक्षा लहान असेल तर ते घेतलंच जात नाही. फेसबुक आठ एमबीपर्यंतचं चित्र स्वीकारतं, पण व्हॉट्सॲपसाठी ते 600 केबीच्या आत ठेवावं. छपाईसाठी केलेलं मुखपृष्ठ तसंच उचलून लावलं की फेसबुकवर दिसतं आणि व्हॉट्सॲपवर गायब होतं, ते या वजनामुळे. मुखपृष्ठ उभं असतं आणि कार्ड आडवं, हाही प्रश्न आहेच. उभं चित्र दिलं की वरचं अंकाचं नाव आणि खालचं वर्ष कापलं जातं. त्यापेक्षा आडव्या पटावर मुखपृष्ठ मधोमध ठेवून वेगळं चित्र करावं, कारण काही ठिकाणी तेही दोन्ही बाजूंनी कापून चौकोनी केलं जातं. मधल्या चौकोनात जे बसतं ते सगळीकडे वाचतं.

चित्राची आणखी एक गंमत फेसबुकच्या कामाच्या पद्धतीत आहे. एखादी लिंक पहिल्यांदाच शेअर होते, तेव्हा फेसबुक शीर्षक लगेच वाचतं, पण चित्र मागाहून उतरवून घेतं. त्यामुळे पहिल्या शेअरला चित्र नाही आणि दुसऱ्याला आहे, असं होतं. शेड्यूल केलेली पोस्ट हाच बहुतेक वेळा पहिला शेअर असतो. पानात चित्राचं माप सांगणाऱ्या `og:image:width` आणि `og:image:height` या ओळी दिल्या तर फेसबुकला वाट बघावी लागत नाही. दुसरा उपाय म्हणजे तो पहिला शेअर होण्याआधीच फेसबुककडून पान वाचवून घेणं.

यासाठी फेसबुकने ‘शेअरिंग डीबगर’ नावाचं साधन मोफत ठेवलं आहे. फेसबुकमध्ये लॉग-इन करून त्यात लिंक टाकायची. पान आधी कधी वाचलं गेलं, तेव्हा सर्व्हरने काय उत्तर दिलं, अधिकृत पत्ता कोणता मानला आणि कार्ड कसं दिसेल, हे सगळं तिथे येतं. ‘Response Code’ समोर 200 हवं. 404 किंवा 403 असेल तर तिथेच थांबायचं. ‘Canonical URL’ समोर आपल्याच पानाचा पत्ता हवा. आणि ‘Scrape Again’ हे बटण दाबलं की क्रॉलर त्याच क्षणी नव्याने येऊन वाचतो आणि जुनी साठवण पुसली जाते. लिंक्डइनचं असंच ‘पोस्ट इन्स्पेक्टर’ आहे. टेलिग्राममध्ये `@WebpageBot` ला लिंक पाठवली की तो साठवण ताजी करतो. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, कार्ड आधी दाखवणारं साधन होतं, पण 2022 मध्ये ती सोय काढून टाकण्यात आली. आता तिथे नवी पोस्ट लिहायला घेऊन लिंक चिकटवून बघायची आणि पोस्ट न करता बाहेर पडायचं, एवढंच हातात आहे.

क्रम मात्र चुकवू नये. पानातली ओळ सुधारली की आधी वेबसाइटच्या स्वतःच्या कॅशिंग प्लगइनची साठवण रिकामी करायची, मग इन्कॉग्निटो खिडकीत कोड बघून नवी ओळ खरोखर बाहेर पोचली का ते पाहायचं आणि त्यानंतरच ‘Scrape Again’ दाबायचं. उलट केलं तर क्रॉलर जुनी प्रत नव्याने वाचून नेतो, आणि दुरुस्ती करूनही काही बदललं नाही असं वाटत राहतं. चित्र बदलताना फाइलचं नावही बदलावं. नाव तेच राहिलं तर मधल्या कुठल्या तरी साठवणीतून जुनंच चित्र परत येतं.

शेड्यूलिंग टूलमध्येच कार्डाचं शीर्षक आणि चित्र हाताने का बदलत नाही, असा प्रश्न अनेकांना पडतो. पूर्वी फेसबुकवर ते करता येत असे. दुसऱ्याच्या बातमीच्या लिंकवर मनाजोगतं शीर्षक आणि चित्र चढवून खोट्या बातम्या पसरवल्या जाऊ लागल्या, तेव्हा 2017 मध्ये फेसबुकने ती सोय बंद केली. ते बरंच झालं. पण त्यामुळे दुरुस्तीची जागा पोस्टमध्ये उरली नाही, ती पानात गेली. ज्याच्या हातात पान नाही, त्याच्या हातात कार्डही नाही. म्हणून समाजमाध्यमं सांभाळणाऱ्याला वेबसाइटमधल्या निदान त्या दोन-तीन रकान्यांपर्यंत पोचता यायला हवं. नाहीतर दर वेळी दुसऱ्याच्या मागे लागावं लागतं आणि सकाळी नऊला ते शक्य नसतं.

पोस्ट निघून गेल्यावरही थोडं काही करता येतं, पण जागेनुसार वेगळं. फेसबुकवर आधी डीबगरमधून पान पुन्हा वाचवून घ्यायचं आणि मग पोस्टच्या तीन टिंबांच्या मेनूत जोडलेली लिंक ताजी करण्याचा पर्याय दिसला तर तो वापरायचा. लिंक्डइनवर गेलेल्या पोस्टचं कार्ड बदलत नाही. ती काढून नव्याने टाकावी लागते आणि तोवर आलेल्या प्रतिक्रिया जातात. व्हॉट्सॲपवर कार्ड संदेशातच बांधलेलं असतं. चुकीच्या कार्डाचा संदेश पुढे पाठवला गेला की चूकही त्याच्यासोबत फिरते. पान नंतर कितीही सुधारलं तरी त्या संदेशांना त्याचा पत्ता लागत नाही.

राहिला एक खरा पेच. बातमी, निकाल, किंमत अशा काही गोष्टी ठरलेल्या क्षणाआधी बाहेर येऊन चालत नाहीत. तिथे पान अर्धा तास आधी उघडायचं कसं? यावर चालणारा मार्ग असा की पत्ता आधीच जिवंत करायचा, पण त्यावर फक्त ‘नोंदणी सकाळी नऊपासून’ एवढा मजकूर ठेवायचा. शीर्षक, वर्णन आणि चित्राच्या ओळी मात्र पहिल्यापासून अंतिम स्वरूपाच्या, कारण ‘दिवाळी अंक: आगाऊ नोंदणी’ या शब्दांत गुपित काही नसतं. किंमत आणि अर्ज नऊला पानात येतात. क्रॉलर आदल्या दिवशी वाचून गेला तरी त्याने वाचलेलं नऊनंतरही खरंच असतं. शीर्षकातच गुपित असेल, म्हणजे पुरस्कार मिळालेल्या लेखकाचं नाव कार्डावर हवं असेल, तर ही युक्ती चालत नाही, कारण डीबगरला दिलेलं शीर्षक पानाच्या कोडमध्ये कुणालाही वाचता येतं. तेव्हा ती एक पोस्ट शेड्यूल न करता, पान उघडल्यावर, कार्ड डोळ्यांनी बघून हातानेच टाकावी.